तीस पानं आणि तिसरा भिडू

एक लघुकथा अशी कल्पावी. नवऱ्याच्या मागे एकटी राहणारी एक बाई आहे. समोरच्या घरात तरुण जोडपं राहायला आलं आहे. जाणं-येणं वाढतं, आणि एका संध्याकाळी ती त्या दोघांना पत्त्यांचा एक डाव शिकवायला बसते. लग्न झाल्यापासून ती आणि तिचा नवरा हाच डाव खेळत आले होते. कथेचं बीज म्हणून हे सोपं वाटतं, पण लिहायला बसलं की पहिला प्रश्न आडवा येतो: डाव कोणता?

पुष्कळ लेखक हा प्रश्न बाजूला सारतात. 'ते पत्ते खेळत बसले' एवढ्यावर भागवतात आणि माणसांच्या मनाकडे वळतात. पत्ते मग चहाच्या कपासारखे होतात, हाताला चाळा म्हणून. या कथेत तसं करणं महागात पडतं. इथे शिकवणं हीच घटना आहे, आणि शिकवायची गोष्ट धूसर राहिली तर घटनाही धूसर राहते. शिवाय डावाचे नियम नीट पाहिले की कथेला लागणारं बरंचसं त्यांच्यातच सापडतं.

जगातल्या गाजलेल्या कृतींत हे दिसतं. पुश्किनच्या १८३४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्पिकची राणी' या कथेत 'फॅरो' नावाचा जुगार आहे. खेळणारा आपलं एक पान निवडतो. समोरचा दुसऱ्या जोडातली पानं एक उजवीकडे, एक डावीकडे अशी उलटत जातो. आपल्यासारखं पान डावीकडे पडलं तर जिंकलो, उजवीकडे पडलं तर हरलो. यात कौशल्य कसलंच नाही, नुसतं नशीब. म्हणूनच नशिबाचं गुपित हाती लागल्याच्या भ्रमात असलेल्या नायकाला हा खेळ शोभतो. एक्का समजून तो राणी काढतो आणि सगळं संपतं. तिथे रमी किंवा ब्रिज असता तर ती कथा उभीच राहिली नसती.

आपल्या विषयाच्या आणखी जवळचं उदाहरण म्हणजे डी. एल. कोबर्न यांचं 'द जिन गेम' हे अमेरिकन नाटक. १९७८ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. वृद्धाश्रमातला एक म्हातारा तिथल्या एका बाईला जिन रमी शिकवतो, आणि नवशिकी बाई डावामागून डाव जिंकत सुटते. बाकीची पानं पालथी ठेवलेल्या गड्डीत असतात, त्यामुळे नशिबाला भरपूर वाव आहे. म्हाताऱ्याला वाटतं आपण उत्तम खेळाडू, आणि समोर पानं येतात ती तिलाच. त्याचा चढत जाणारा राग हेच नाटक आहे. ब्रॉडवेवर या दोन भूमिका ह्यूम क्रोनिन आणि जेसिका टँडी यांनी केल्या. खऱ्या आयुष्यात ती दोघं नवराबायको होती.

आता आपल्या बाईचा डाव. मराठी घरात नवराबायको दोघंच असतील तर रमीखालोखाल आठवतो तो 'सात-आठ'. शेजारचं जोडपं धरून तिघं झाली की त्याच पानांत 'पाच-तीन-दोन' होतो. हे दोन्ही डाव सुट्टीत आजोळी बहुतेकांनी खेळलेले असतात, पण ते शेजारी शेजारी ठेवून फारसं कुणी पाहत नाही. या कथेचं मर्म त्या दोघांमधल्या फरकात आहे.

पूर्ण जोडातली बावीस पानं आधी बाजूला काढायची. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी, आणि किलवर व चौकट यांच्या सत्त्या. राहतात ती तीस पानं: चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस, शिवाय बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती. दोघांत वाटली तर प्रत्येकी पंधरा, तिघांत वाटली तर प्रत्येकी दहा. दोन्ही वाटण्या बरोबर बसतात. त्या दोन सत्त्या नेमक्या यासाठीच ठेवलेल्या असतात.

सात-आठ असा चालतो. एकजण पिसतो आणि आधी पाच-पाच पानं वाटतो. समोरच्याने त्या पाच पानांवरच हुकूम बोलायचा. मग उरलेली पानं वाटली जातात. हुकूम बोलणाऱ्याने आठ हात करायचे, पिसणाऱ्याने सात. उतारीच्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायला हवं, नसेल तर हुकमाने मारता येतं. पुढच्या डावाला पिसणारा बदलतो, आणि सात-आठही बदलतात. घरोघरी यात थोडेफार फरक असतात. काही घरांत थोडी पानं समोर मांडून ठेवतात, काही घरांत सगळी हातात घेतात. आपल्या कथेतल्या जोडप्याची रीत दुसरी.

सगळी पानं हातात घेण्याच्या रीतीत एक गोष्ट होते, आणि ती सहज लक्षात येत नाही. तीस पानं, दोन माणसं, आणि सगळी पानं वाटलेली. म्हणजे जे माझ्या हातात नाही ते तुझ्याच हातात आहे. आपली पंधरा पानं नीट पाहिली की समोरच्याची पंधराही कळली. पालथी गड्डी नाही, लपलेलं काही नाही. तीस पानांची उजळणी ज्याला पाठ आहे, त्याच्यासाठी सात-आठ हा उघड्या पानांचा डाव आहे. अंधार असतो तो फक्त सुरुवातीच्या पाच पानांपुरता. हुकूम बोलताना बाकीची पंचवीस पानं ठाऊक नसतात. एकदा हुकूम बोलून झाला आणि पानं उचलली की पुढचं सगळं खेळणाऱ्याच्या डोक्यावर.

वर्षानुवर्षं असा डाव खेळलेल्या दोन माणसांची कल्पना करावी. तिने बदामची राणी उतरली की त्याने कोणतं पान टाकायला हवं ते दोघांनाही दिसतं. त्याने चुकून रंग सोडला तर ती त्याच क्षणी टोकते, कारण त्याच्याकडे बदाम अठ्ठी आहे हे तिला माहीत असतं. अशा डावात चेहरा वाचायची गरज नसते आणि थाप मारायची सोय नसते. दोघं खेळतात ती आठवणीवर आणि हिशोबावर. संसाराबद्दल एक शब्दही न लिहिता लेखकाला त्या दोघांचं सहजीवन इथे दाखवता येतं, कारण नियमच ते दाखवतो.

शेजारी आले की ती दुसरं काही शिकवू शकत नाही. तिघांत सात-आठ होत नाही. म्हणून ती तीच तीस पानं काढते आणि दहा-दहा वाटायला सांगते. पाच-तीन-दोनचे नियम जवळजवळ तेच आहेत. पिसणाऱ्याने दोन हात करायचे. त्याच्या शेजारी ज्याला पहिलं पान मिळतं त्याने पाच पानांवर हुकूम बोलून पाच हात करायचे. तिसऱ्याने तीन. प्रत्येक डावाला पाळी पुढे सरकते. शेजाऱ्यांना हे अर्ध्या तासात समजतं.

फरक पडतो तो काकूंच्या बाजूने. शेजारी तिला काकूच म्हणतात, म्हणून आपणही तसंच म्हणू. दहा पानं तिच्या हातात आहेत, वीस बाहेर, आणि ती वीस दोन माणसांत विभागलेली. दहा-दहाच्या अशा वाटण्या किती प्रकारे होऊ शकतात याचं गणित करता येतं, आणि उत्तर येतं १,८४,७५६. दोघांच्या डावात हा आकडा एक होता. पानं तीच, नियम तेच, पण समोरच्याच्या हातात काय आहे हे आता तिला माहीत नाही. तिची जुनी विद्या अर्धवट चालते, आणि कुठे चालत नाही हे तिला हरल्यावर कळतं.

एक डाव तपशिलात पाहू. शेजारणीच्या नवऱ्याने पिसलं आहे, त्याला दोन करायचे. काकूंना पहिली पानं आली, त्यांना पाच. शेजारणीला तीन. काकूंची पहिली पाच पानं अशी: इस्पिकचा एक्का, गुलाम आणि अठ्ठी, बदामचा राजा, चौकटची दश्शी. तीन पानं इस्पिकची, तीही एक्क्यासकट. काकू बोलतात, "हुकूम इस्पिक." यात चूक काही नाही. पुढच्या पाचांत येतात इस्पिक नव्वी, किलवर एक्का, किलवर नव्वी, बदाम अठ्ठी आणि चौकट राणी. म्हणजे हुकमाची चार पानं, बाहेरचा एक एक्का आणि एक राजा. पाच हात निघायला हवेत असा हात आहे.

हुकमाची आठ पानं असतात. चार काकूंकडे, उरलेली चार, म्हणजे राजा, राणी, दश्शी आणि सत्ती, त्या दोघांकडे. काकूंच्या मनात सरळ हिशोब येतो: दोघांकडे दोन-दोन असतील. एक्का उतरला की दोन जातील, गुलाम उतरला की उरलेली दोन जातील, मग अठ्ठी आणि नव्वी मोकळ्या. हा हिशोब पटण्यासारखा आहे, पण तो नेहमी खरा ठरत नाही. अशी चार पानं दोन माणसांत दोन-दोन विभागली जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ४२. एकाकडे तीन आणि दुसऱ्याकडे एक असण्याची शक्यता त्याहून जास्त, जवळजवळ ५०. उरलेल्या नऊएक वेळा चारही पानं एकाकडेच. समान वाटणी सगळ्यांत स्वाभाविक वाटते, पण ती निम्म्याहून कमी वेळा होते. दोघांच्या डावात काकूंना अशी शक्यता कधी मोजावीच लागली नाही.

काकू एक्का उतरतात. शेजारीण सत्ती टाकते, तिचा नवरा दश्शी. मुरलेला भिडू इथे क्षणभर थांबेल. दश्शी टाकणाऱ्याकडे हुकमाचं आणखी पान असलंच तर ते राजा किंवा राणीच असणार, कारण सत्ती तर खाली पडली आहे. नाहीतर ती दश्शी एकटीच होती. काकू न थांबता गुलाम उतरतात. शेजारीण राणी टाकून हात घेते. नवरा बदामचं पान टाकतो.

म्हणजे त्याच्याकडे हुकूम संपला, आणि राजा शेजारणीकडे आहे. शेजारीण लगेच तो उतरते. काकूंची अठ्ठी जाते. तीन हात झाले, काकूंचा त्यांतला एकच. हातात उरली ती हुकमाची शेवटची नव्वी, किलवर एक्का आणि नव्वी, बदाम राजा आणि अठ्ठी, चौकट राणी आणि दश्शी. सातांतून चार हात काढायचे. नव्वीचा एक, किलवर एक्क्याचा एक, बदाम एक्का पडून गेल्यावर राजाचा एक. चौथा निघत नाही. डावाच्या शेवटी काकूंचे चार, शेजारणीचेही चार, नवऱ्याचे दोन.

लेखकाने हे सगळं कथेत लिहायचं नाही, पण ते त्याला माहीत असायला हवं. कथेत एवढंच यावं की काकूंनी गुलाम उतरला, राणी पडली आणि तिसऱ्या माणसाने बदाम टाकला. त्या एका बदामच्या पानाने काकूंना कळतं की त्यांनी समोर एकच माणूस आहे असं धरून डाव खेळला. वाचकाला पत्ते येत असतील तर तो हे पान पाहून चपापतो. येत नसतील तर काकूंच्या थांबण्यावरून त्याला जाणवतं. दोघांनाही पुरेल असा क्षण निवडणं हे या कथेतलं खरं कसब आहे. पानाचं नाव एकदा नेमकं घ्यावं, नियम त्याआधी शिकवण्याच्या ओघात येऊन गेलेला असावा, आणि गणित लेखकाच्या वहीत राहावं.

आता त्या नियमाकडे, ज्यावर कथा फिरू शकते. सात-आठ असो वा पाच-तीन-दोन, डावाचा हिशोब त्या डावात संपत नाही. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून, ज्याचे जास्त झाले तो पुढच्या डावात पान ओढतो. जितके हात जास्त तितकी पानं. पानं वाटून आणि हुकूम बोलून झालं की ओढणारा समोरच्याच्या हातातलं एक पान न पाहता काढतो, आणि बदल्यात आपल्याला नको असलेलं पान देतो. हातात एक्का आला असला तरी तो असा निघून जाऊ शकतो. काही घरांत परत द्यायचं पान त्याच रंगाचं असावं लागतं, काही घरांत कोणतंही चालतं. मुलं यावरून भांडतात, मोठी माणसं हसतात, पण उधारी मात्र काटेकोर पाळली जाते.

आपल्या कथेतल्या शेवटच्या सात-आठमध्ये काकूंनी पिसलं होतं. त्यांना सात करायचे होते, त्यांनी आठ केले. नवऱ्याला आठ करायचे होते, त्याचे सात झाले. म्हणजे पुढच्या डावात काकूंनी त्याचं एक पान ओढायचं होतं. तो डाव वाटलाच गेला नाही. ही उधारी कथेत कुठे ठेवायची, हे लेखकाने ठरवायचं आहे. घाईत ठेवली तर ती रडवायला आणलेली युक्ती वाटते. पहिल्याच पानावर 'त्याच्याकडे माझं एक पान राहिलंय' असं काकूंच्या तोंडी घातलं की कथा तिथेच संपल्यासारखी होते.

बरी जागा वेगळी आहे. शिकवताना काकू सगळे नियम सांगतात, पण ओढण्याचा नियम सांगत नाहीत. शेजाऱ्यांना तो माहीत नाही, त्यामुळे त्यांना काही कमी वाटत नाही. वाचकालाही पहिल्या वाचनात कळू नये. मग वर पाहिलेला डाव होतो. काकूंचे पाचाऐवजी चार, शेजारणीचे तीनाऐवजी चार. त्या घरात हा नियम एकट्या काकूंना माहीत आहे, आणि तो सांगितला तर नुकसान एकट्या काकूंचंच आहे. गप्प राहिल्या तर कुणाला कळणार नाही.

त्या सांगतात. "अगं, तुझा एक हात जास्त झाला ना, आता तू माझं एक पान ओढायचं." शेजारणीला ते पटत नाही. "कशाला काकू, राहू दे." काकूंचा आवाज जरा चढतो. "राहू दे कसं? डावाचा हिशोब आहे तो."

पुढच्या डावात पिसण्याची पाळी काकूंची, त्यांना दोन. शेजारीण बदाम हुकूम बोलते, तिला पाच. सगळी पानं वाटून झाल्यावर काकू आपली दहा पानं पुढे धरतात. नवऱ्याबरोबर खेळताना पानं पाठीमागे नेऊन हातातल्या हातात हलवायची सवय होती, कारण कोणती पानं आहेत हे त्याला ठाऊकच असायचं, कुठलं कुठे आहे एवढंच लपवायचं असे. इथे शेजारणीला काहीच ठाऊक नाही. काकू तरीही पानं पाठीमागे नेतात आणि हलवतात. शेजारीण मधलं पान ओढते. चौकटचा राजा. ती थोडी ओशाळते, आणि बदल्यात किलवर अठ्ठी देते.

कथा इथे थांबवण्याचा मोह लेखकाला होईल, पण डाव अजून खेळायचा आहे आणि काकूंना दोनच हात हवे आहेत. कमी हातांचं काम सोपं वाटतं, पण तसं ते नसतं. दोन वाल्याकडे हुकूम बोलण्याचा हक्क नसतो, आणि जास्तीचे हात झाले तर पुढच्या वेळी त्यालाच ओढता येतं. त्यामुळे काकूंनी तिसरा हात करायचा प्रयत्न करावा, शेजारणीला पाचाला अडवावं, आणि नवऱ्याचे तीन होतात की नाही यावर डोळा ठेवावा. तिघांच्या डावात दोघं मिळून तिसऱ्याला पाडू शकतात, तेही न बोलता, आणि पुढच्या पाळीला बाजू बदलू शकतात. सात-आठमध्ये याला जागाच नव्हती. काकूंना हे नव्याने शिकावं लागतं, आणि ते त्यांना शेजारीच शिकवतात, कारण या डावाची जुनी सवय त्यांना नाही.

कथेला पुढचा भाग असेलच तर तो चौथ्या माणसाने सुरू होतो. शेजारणीची आई चार दिवस राहायला येते, आणि तिच्या गावाकडे मेंढीकोट खेळतात. काकू कपाटातून बाजूला ठेवलेली बावीस पानं काढतात, बावन्न पुरी होतात. प्रत्येकी तेरा पानं, समोरासमोर बसणारे दोघं भिडू, आणि महत्त्व चार दश्श्यांना. तीन दश्श्या ज्या बाजूने घेतल्या ती जिंकते, चारही घेतल्या तर कोट. कुणी कुणाच्या समोर बसायचं हे ठरवायला पानं कापली जातात. मोठं पान काकूंना येतं, त्याखालचं शेजारणीच्या नवऱ्याला. तो खुर्ची उचलून काकूंच्या समोर येऊन बसतो आणि विचारतो, "काकू, तुम्ही पहिली उतारी हुकमाची करता की साध्या रंगाची?"